फोटोखालची ओळ

कशेळी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं, ते तुम्ही कुठल्या कशेळीचे यावर अवलंबून आहे. ठाण्याहून बाळकूम मागे टाकून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की खाडीवरच्या पुलापलीकडे एक कशेळी लागते. तिथे मेट्रोचे खांब, गोडाऊनचे गाळे, पत्र्याची छपरं आणि माल उतरायची वाट बघत उभे असलेले कंटेनर दिसतात. दुसरी कशेळी रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात आहे. तिथे कनकादित्याचं जुनं सूर्यमंदिर आहे आणि काळ्या कातळाला धडकणारा समुद्र आहे. फोनवर नुसतं ‘कशेळी’ शोधलं की दोन्ही गावांचे फोटो एकमेकांत मिसळून येतात आणि त्यातले देखणे फोटो अर्थातच तिकडचे असतात.

भिवंडीच्या या बाजूला मी नववीच्या मुलांना शिकवते. फोटो आणि त्याखालची ओळ तपासण्याचा तास मी त्या समुद्राच्या फोटोनेच सुरू करते. फळ्यावर फोटो लावायचा आणि खाली लिहायचं : ‘कशेळीतील एक संध्याकाळ’. वर्गात हशा पिकतो. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, “मॅडम, ही आपली कशेली नाय! आपल्याकडं खाडी हाय.” मग मी विचारते, फोटो खोटा आहे का? नाही. ओळ खोटी आहे का? मुलं जरा घुटमळतात. कुणीतरी राजापूरची कशेळी शोधून काढतं आणि मग सगळ्यांना कबूल करावं लागतं की ओळही खरी आहे. दोन्ही खरं असताना आपल्याला काहीतरी फसल्यासारखं वाटलं, तर फसवणूक झाली कुठे? या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, तो फळ्यावर तसाच राहू द्यायचा.

मुलांना वाटतं की खोटा फोटो म्हणजे संगणकावर जोडतोड केलेला फोटो. एखाद्याच्या धडावर दुसऱ्याचं डोकं बसवलेलं, असं काहीतरी. असे फोटो असतात, पण गावच्या ग्रुपवर फिरणारा बराचसा माल त्याहून साधा असतो. खरा फोटो उचलायचा आणि त्याच्याखाली दुसऱ्या गावाची, दुसऱ्या वर्षाची ओळ टाकायची. त्याला ना कौशल्य लागतं, ना पैसा. फोटोत काहीच बदललेलं नसल्यामुळे तो कितीही मोठा करून पाहिला तरी त्यात खोट सापडत नाही. म्हणून या तासात फोटो आणि ओळ यांच्यामधल्या सांध्याकडे बघायचं असतं.

त्यासाठीचा खेळ सोपा आहे. एकाच फोटोच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्स काढायच्या. निम्म्या वर्गाला एका ओळीसकट द्यायच्या, निम्म्याला दुसऱ्या. दोन्ही गटांना वाटलं पाहिजे की सगळ्यांकडे सारखाच कागद आहे. मग प्रत्येकाने फोटोत काय दिसतं ते दोन वाक्यांत लिहायचं. ‘काय वाटतं’ असं विचारायचं नाही, ‘काय दिसतं’ असंच विचारायचं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. रस्त्यावर धावणाऱ्या माणसांचा एक फोटो आहे. एका कागदावर त्याखाली ‘शर्यतीला उदंड प्रतिसाद’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘अफवेनंतर पळापळ’. पहिल्या गटाला माणसांच्या चेहऱ्यावर जोश दिसतो, दुसऱ्याला भीती. दोन्ही गट मोठ्याने वाचू लागले की वर्गात भांडण जुंपतं आणि कागद शेजारी शेजारी ठेवल्यावरच ते थांबतं. “पण मला खरंच घाबरलेले दिसले,” असं एखादी मुलगी पुन्हा पुन्हा सांगते. तिला खरंच तसं दिसलेलं असतं. ओळ आधी वाचली जाते आणि डोळे मग तिच्यासाठी पुरावे गोळा करत फिरतात.

हा खेळ जुना आहे. क्रांतीनंतरच्या काळात मॉस्कोमध्ये लेव्ह कुलेशोव हा तरुण दिग्दर्शक चित्रपटाचे तुकडे जोडण्याचे प्रयोग करत होता. त्याने इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं एकच दृश्य घेतलं. त्याच्या शेजारी एकदा सुपाचं भांडं जोडलं, एकदा शवपेटी, एकदा आणखी काही. चेहरा तोच असताना प्रेक्षकांना कधी त्यावर भूक दिसली, कधी दुःख दिसलं, आणि नटाच्या अभिनयाची वाहवा झाली, असं पुढे कुलेशोवचा विद्यार्थी पुडोव्हकिन याने लिहिलं.

वर्गात मी मोझ्झुखिनऐवजी आमच्या शिपाईकाकांना घेते. त्यांच्या परवानगीने त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून तीन पट्ट्या केल्या. एका पट्टीवर त्यांच्या शेजारी भाकरी आणि सुक्या बोंबलाचं ताट होतं, दुसरीवर फुलांनी झाकलेली तिरडी, तिसरीवर रांगणारं बाळ. काकांना सगळा वर्ग रोज बघतो, तरी ‘भूक लागलीय पण मागायला लाजतायत’, ‘रडून रडून आता थकलेत’, ‘नातू पहिल्यांदा बघतायत’ अशी वाक्यं आली. काकांना बोलावून विचारलं तर म्हणाले, “स्टुडिओवाल्याने जास्त पैसे सांगितले होते, त्याचा विचार चालला होता.”

इथवर तास झकास चालतो. पण मुलांना मी पुढचंही सांगते. कुलेशोवची ती मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. शेजारी नेमकं काय जोडलं होतं याबद्दल वेगवेगळी माणसं वेगवेगळं सांगतात. १९९२ साली स्टीफन प्रिन्स आणि वेन हेन्सली या अमेरिकन अभ्यासकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा बहुतेक प्रेक्षकांना चेहरा निर्विकारच दिसला. नंतर इतरांना पुन्हा परिणाम सापडला. आमच्याही वर्गात दोघांनी लिहिलं होतं, ‘काही नाही, काका नेहमी असेच असतात.’ त्या दोघांचे कागद मी जपून ठेवले आहेत. सगळे फसतात असं शिकवणं सोपं असतं, पण ते खरं नाही. आणि खरंखोटं शिकवायच्या तासात आपल्या सोयीची गोष्ट तेवढी सांगणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या तासाला हसू कमी असतं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. ही माणसं सोलापूरकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे असं समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. त्या महिन्यांत देशभर असेच संदेश फिरत होते आणि त्यांच्यासोबत दोन दृश्यं पुन्हा पुन्हा दिसत होती. एक व्हिडिओ होता, मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात. दुसरा ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांचा फोटो होता आणि त्याखाली अवयव चोरल्याची ओळ होती.

तो फोटो सीरियातला होता, ऑगस्ट २०१३ मध्ये घौटा इथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरचा. आणि तो व्हिडिओ कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकल परत येते, मूल सुखरूप खाली उतरतं आणि तो माणूस एक फलक धरून सांगतो की कराचीत मूल हरवायला क्षणही पुरतो, लक्ष ठेवा. भारतात फिरणाऱ्या तुकड्यात हा शेवट नव्हता. मुलांना जपा असं सांगणाऱ्या फिल्मची शेपटी कापली आणि तिचा पुरावा झाला.

मृतदेहांचा फोटो मी वर्गात दाखवत नाही, दाखवायची गरजही नाही. व्हिडिओसुद्धा दाखवत नाही. त्यातले सहा प्रसंग मी चौकटींत पेन्सिलीने काढले आहेत : गल्ली, मोटारसायकल, उचललेलं मूल, धावणारी मुलं, परत येणारी मोटारसायकल, फलक. आधी पहिल्या चार चौकटी वाटायच्या आणि गोष्ट लिहून घ्यायची. मग उरलेल्या दोन द्यायच्या. शेवटची चौकट हातात आली की वर्ग एकदम बोलायला लागतो. त्यांना राग येतो तो बहुतेक वेळा मूळ कापणाऱ्यावर. मग मी विचारते, कापणारा एक असेल, पुढे पाठवणारे किती होते? त्यांच्यातल्या किती जणांना माहीत होतं? याचं उत्तर कुणापाशी नसतं. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आणली आणि पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली. त्यामुळे वेग कमी होतो. कापलेली शेपटी त्याने परत येत नाही.

मग फोटो तपासायचा कसा? इथे आमच्या मुलांना जे कळतं ते मला पुस्तकात मिळालं नव्हतं. मी गोडाऊनच्या आगीचा एक फोटो ‘पूर्णा, आज सकाळी’ अशी ओळ लावून दिला होता. या भागात आगीची बातमी कुणालाही पटते, इतक्या आगी लागतात. वर्गातल्या कित्येकांचे वडील हमाली करतात, टेम्पो चालवतात, कुणाचे काका गोडाऊनवर सिक्युरिटीला आहेत. एकाने लगेच टेम्पोची नंबरप्लेट पकडली. जीजे, म्हणजे गुजरात, म्हणजे फोटो इथला नाही. टाळ्या वाजायच्या बेतात होत्या. तेवढ्यात शेजारचा म्हणाला, “अरे, आपल्या इथं रोज कितीतरी जीजे गाड्या लागतात. माझे पप्पाच वापीवरून माल आणतात.” टाळ्या राहिल्या. मग एका मुलीने मागच्या भिंतीवरचा अर्धवट दिसणारा बोर्ड दाखवला. दुकानाचं नाव गुजरातीत रंगवलेलं होतं. “गाडी फिरते, मॅडम. बोर्ड नाही फिरत.”

त्या दिवसापासून आम्ही फोटोतल्या वस्तूंचे दोन रकाने करतो, फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या. गाडी, कपडे, माणसं, वर्तमानपत्र पहिल्यात. दुकानाचा बोर्ड, डोंगराची रेघ, विजेच्या खांबाची घडण, रस्त्याचा दुभाजक दुसऱ्यात. जागा ठरवायला दुसरा रकाना आधी बघायचा. तोही पुरेसा असतोच असं नाही. कराचीची गल्ली आपल्याकडच्या गल्लीपेक्षा वेगळी दिसत नाही. गाड्या तिथेही डावीकडूनच चालतात, घरं तशीच, मुलांचे कपडे तसेच. फोटो आरशासारखा उलटा केला असेल तर मात्र बोर्डावरची अक्षरं उलटी दिसतात आणि गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला जातं. अशी एखादी गोष्ट सापडली की मुलं फार खूश होतात.

डोळ्यांनी भागलं नाही तर फोटोवरून फोटो शोधायचा, गूगल लेन्सवर किंवा टिनआयवर. शाळेत मोबाइल आणायची परवानगी नाही, त्यामुळे मी माझ्या लॅपटॉपवर दाखवते. व्हिडिओ असेल तर त्यातल्या तीन-चार वेगवेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, कारण एकाने मिळालं नाही तर दुसऱ्याने मिळतं. निकालात सर्वांत वर काय आलं ते बघायचं नाही, सर्वांत जुनं काय आहे ते शोधायचं. आज सकाळची म्हणून आलेली आग चार वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडली, तर प्रश्न मिटला. काहीच सापडलं नाही तर? मुलं म्हणतात, “मग खरा.” तसं नसतं. नुकताच काढलेला आणि नेटवर कुठेच न चढलेला फोटो शोधून मिळणारच नाही. मग त्याच्याखालची ओळ खरी असो वा खोटी. फोटो केव्हा आणि कुठे काढला याची नोंद मूळ फाइलमध्ये असू शकते. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती गळून पडते. म्हणजे जिथे तिची सगळ्यात जास्त गरज असते, तिथेच ती मिळत नाही.

जबाबदार ठिकाणीही चुकीचा फोटो लागतो, हेही मुलांना कळायला हवं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६-१७च्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवरचे दिवे म्हणून छापलेला फोटो स्पेन आणि मोरोक्कोच्या सीमेवरचा निघाला होता. वर्तमानपत्रांनी मात्र यासाठी एक चांगली सोय करून ठेवली आहे. जुना फोटो वापरला की खाली बारीक अक्षरात ‘संग्रहित छायाचित्र’ लिहायचं, किंवा ‘प्रातिनिधिक’. गृहपाठ म्हणून मी हे दोन शब्द शोधून कात्रणं आणायला सांगते. मुलं आणतात आणि हमखास विचारतात की हे एवढं बारीक का लिहितात? मला हा प्रश्न पटतो.

या तासाची खरी अडचण मात्र वेगळी आहे. दोन तास झाले की वर्गाला सगळंच खोटं वाटू लागतं. कुठलाही फोटो दाखवला तरी एका सुरात “फेक!” ज्याला सगळं खोटं वाटतं त्याला फसवणं कठीण असेल, पण त्याला खरं पटवणंही तेवढंच कठीण असतं. म्हणून तिसऱ्या फेरीत मी खऱ्या जोड्या मिसळते, आणि त्यातही न पटणाऱ्या. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटातली साडी नेसलेली, दागिने घातलेली एक स्त्री दाखवते आणि खाली ओळ लिहिते : ‘अण्णा साळुंके, पुरुष अभिनेता. १९१७ सालच्या लंकादहनमध्ये यांनीच राम आणि यांनीच सीता साकारली.’ वर्ग एकमुखाने खोटं ठरवतो. पण ओळ अक्षरशः खरी आहे. त्या काळी पडद्यावर यायला बायका तयार नव्हत्या, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी उभं केलं होतं. १९१३च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीही तेच होते. हे सांगितल्यावर वर्ग पहिल्यांदा माझ्यावर चिडतो. ते मला बरं वाटतं.

आता गुणही त्याच हिशेबाने देते. खोट्याला खरं म्हटलं तर एक गुण वजा, आणि खऱ्याला खोटं म्हटलं तरी एक गुण वजा. सगळीकडे ‘खोटं’ लिहिणाऱ्याचा फायदा त्याने संपला.

असा एखादा तास घेऊन काय होतं, हे बिहारमध्ये मोजलं गेलं आहे. २०१९च्या निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रिनाथन यांनी मतदारांना घरी जाऊन तासभर हेच शिकवलं होतं, फोटोवरून फोटो शोधण्यासकट. त्याने खोटी बातमी ओळखण्यात एकंदरीत फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारच्याच गावांमधल्या १३ हजारांहून अधिक शाळकरी मुलांबरोबर काम केलं. यावेळी एक तास नव्हता, काही आठवड्यांत पसरलेले अनेक तास होते. त्याचा परिणाम दिसला, काही महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांच्या आईवडिलांपर्यंतही थोडा पोचला. मोठ्यांच्या एका तासाने जे झालं नाही ते मुलांच्या अनेक तासांनी झालं. त्यात वयाचा वाटा किती आणि पुन्हा पुन्हा बसण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझा कल पुन्हा बसण्याकडे आहे.

घरापर्यंत पोचण्यात मात्र एक अडचण आमच्या इथे रोज दिसते. फोन वडिलांचा, ग्रुप गावकीचा आणि संदेश पाठवणारे आजोबांच्या वयाचे. “आजोबा, हे खोटं आहे” असं नववीतल्या पोराने म्हणायचं नसतं. म्हटलंच तर फोटो बाजूला राहतो आणि पोराच्या आगाऊपणावर चर्चा होते. मुलांनीच यावर उपाय काढला. खोटं आहे असं म्हणायचं नाही, विचारायचं : “आजोबा, हे कुठलं हो? बोर्ड वाचता येत नाही.” मग आजोबा चष्मा लावून बोर्ड बघतात. कधी त्यांचं त्यांना कळतं, कधी ते “गप बस” म्हणतात. पण तेवढ्यापुरता संदेश पुढे जायचा थांबलेला असतो.

सध्या वर्गात वाद चालू आहे तो तिसऱ्या रकान्यावरून. उत्तरपत्रिकेत मी ‘खरं’ आणि ‘खोटं’ असे दोनच रकाने दिले होते. बोर्ड दाखवणारी ती मुलगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, मला माहीत नसेल तर मी काय लिहू? ‘सांगता येत नाही’ला पण मार्क पाहिजेत.” मी रकाना वाढवला, पण अट घातली. सांगता येत नाही म्हणायचं असेल तर काय कळलं की सांगता येईल, तेही लिहायचं. त्याला अर्धा गुण. आता मुलं म्हणतात की अर्धा फार कमी झाला, कारण त्यात लिहावं सगळ्यात जास्त लागतं. पलीकडचा गट म्हणतो, पूर्ण दिला तर सगळेच तिथे जाऊन बसतील. पुढच्या सोमवारी मतदान ठेवलं आहे.